सँडविच ग्रिलरचं झाकण एका बाजूला बसतंय? आधी बिजागरी बघा, स्प्रिंग नंतर

व्हिडिओमध्ये ग्रिलर मागून उघडून दाखवला आहे, पण काम करताना हाताला तूप-मस्का लागलेला असतो आणि मोबाईल सारखा मागे-पुढे करता येत नाही. म्हणून तेच सगळं इथे क्रमाने लिहून देतोय. वाचून घ्या, मग मशीनला हात लावा.

विषय छोटा वाटतो. ग्रिलरचं झाकण वाकडं बसतं, सँडविचची एक बाजू काळपट होते, दुसरी पांढरीच राहते. बरेच जण यावर एक ठरलेला उपाय करतात. जी बाजू खाली गेली आहे त्या बाजूची स्प्रिंग आवळतात. दोन-चार दिवस बरं वाटतं आणि मग मशीन आणखी बिघडतं. असं का होतं हे एकदा समजलं की दुरुस्ती तुमची तुम्हाला करता येईल. निदान मिस्त्रीला नेमकं काय करायला सांगायचं, ते तरी कळेल.

नुकसान नेमकं किती?

आपल्या बॅचमधल्या एका ताईंचं उदाहरण घेऊ. ठाकूरद्वार नाक्याजवळ त्यांचा छोटा काउंटर आहे. गिऱ्हाईक म्हणजे आजूबाजूची दुकानं, ऑफिसं आणि क्लासची मुलं. खरा धंदा दुपारी साडेबारा ते दोन, म्हणजे ९० मिनिटांचा. त्यांच्याकडे लाईनवाल्या प्लेटचा जंबो ग्रिलर आहे, एका वेळी ४ सँडविच बसतात.

मशीन नीट चालत होतं तेव्हा एक घाण भाजायला ४ मिनिटं आणि काढायला-भरायला १ मिनिट लागायचं. म्हणजे ५ मिनिटांत ४ सँडविच. ९० मिनिटांत १८ घाण, म्हणजे ७२ सँडविच.

झाकण उजवीकडे बसायला लागल्यावर ४ मिनिटांनंतर सँडविच फिरवून पुन्हा २ मिनिटं ठेवावं लागे. एका घाणाला ७ मिनिटं. ९० मिनिटांत १२ पूर्ण घाण, म्हणजे ४८ सँडविच. २४ सँडविचची ताकद रोज कमी झाली, तीही गिऱ्हाईक समोर उभं असताना. एका सँडविचमागे २५ रुपये सुटत असतील, तर गर्दीच्या दिवशी ६०० रुपये गेले. रोज एवढी गर्दी नसते हे खरं, पण ज्या दिवशी असते त्या दिवशी तरी मशीनने साथ द्यायला हवी की नको?

शिवाय मदतनीस पोरगा झाकण हाताने दाबून धरायचा. तापलेल्या कडेला मनगट लागून भाजण्याची ती अगदी सरळ वाट आहे.

झाकण कशावर उभं असतं?

या प्रकारच्या ग्रिलरमध्ये वरची प्लेट दोन दांड्यांवर असते, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. प्रत्येक दांड्याला दोन जोड आहेत.

पहिला जोड मागे, मशीनच्या बॉडीला. हीच मुख्य बिजागरी. झाकण उघड-बंद होतं ते या बोल्टवर.

दुसरा जोड पुढे, दांड्याच्या टोकाला, वरच्या प्लेटच्या साधारण मध्यावर. या जोडामुळे प्लेट पुढे-मागे थोडी झुलते. त्यामुळेच जाड सँडविच ठेवलं तरी प्लेट पुढून आणि मागून सारखी टेकते. याला आपण झुलता जोड म्हणू.

आता स्प्रिंग. दांडा मागच्या बिजागरीच्याही थोडा मागे गेलेला असतो, एक छोटं शेपूट असल्यासारखा. स्प्रिंगचं एक टोक त्या शेपटाला आणि दुसरं खाली बॉडीतल्या लांब बोल्टला अडकवलेलं असतं. सी-सॉ डोळ्यासमोर आणा. स्प्रिंग शेपूट खाली ओढते, त्यामुळे पुढचं झाकण वर उचललं जातं.

इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. स्प्रिंग झाकण दाबत नाही, ती झाकणाचं वजन पेलते. सँडविच दाबलं जातं ते झाकणाच्या स्वतःच्या वजनाने. स्प्रिंग जितकी आवळाल तितका दाब कमी होतो.

खात्री करायची असेल तर थंड मशीनचं झाकण अर्धं उघडा आणि हात हळूच सैल सोडा. झाकण तिथेच थांबलं किंवा अगदी सावकाश खाली आलं, तर तुमची स्प्रिंग वजन पेलणारी आहे. काही मशीनमध्ये लांब स्प्रिंगऐवजी बिजागरीच्या सळईवर गुंडाळलेली स्प्रिंग असते. तिचं काम तेच आहे, फक्त आवळायची जागा वेगळी.

मग खाली गेलेली बाजू स्प्रिंग आवळून वर का येत नाही?

समजा उजव्या बिजागरीचा बोल्ट झिजलाय आणि दांड्याचं भोक मोठं झालंय. दांडा त्या भोकात खाली बसला. म्हणजे झाकणाचा आस डावीकडे उंच आणि उजवीकडे खाली, असा तिरका झाला. झाकण बंद करताना उजवी बाजू आधी टेकते आणि डावीकडे फट राहते. झुलता जोड ही फट भरून काढत नाही, कारण तो पुढे-मागे झुलतो, डावीकडे-उजवीकडे नाही.

आता तुम्ही उजवी स्प्रिंग आवळली. स्प्रिंग शेपूट खाली ओढते, झाकणाचं वजन दांड्याची पुढची बाजू खाली ओढतं. दोघांचाही भार मधल्या बोल्टवर येतो, तोही खालच्याच दिशेने. म्हणजे झिजलेल्या जोडावर ओझं वाढलं. दांडा भोकात आणखी घट्ट खाली बसला आणि बोल्ट आधीपेक्षा लवकर झिजायला लागला. वर झाकण हलकं झाल्यामुळे दाबही कमी झाला. पहिले दोन-चार दिवस झाकण उचलायला हलकं लागतं, म्हणून वाटतं की काम झालं.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी टेबल आणि प्लेट, मग बिजागरी, शेवटी स्प्रिंग.

हात लावण्याआधी

प्लग काढा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही. मशीन थेट वायरिंगला जोडलेलं असेल तर एमसीबी पाडा. प्लेट जाड असतात, बाहेरून गार वाटल्या तरी आत उष्णता राहते, त्यामुळे पाऊण तास तरी थांबा. हे काम सकाळी धंदा सुरू होण्याआधी करा.

हाताशी हे असू द्या: १० आणि १३ नंबरचा पाना (६ आणि ८ मि.मी.च्या बोल्टला हेच लागतात), स्क्रू ड्रायव्हर, मोजपट्टी, मार्कर, जुना वर्तमानपत्राचा कागद, सामान तोलायचा हूकवाला डिजिटल काटा, थोडी सुतळी आणि डोळ्यांना साधा चष्मा.

तपासणी १: टेबल आणि प्लेट

फुटपाथला लागून असलेल्या काउंटरचं टेबल बहुतेक वेळा उताराचं असतं. मशीनच्या चारपैकी एक रबरी पाय झिजला असेल तर बॉडीला पीळ बसतो आणि झाकण वाकडं दिसतं. मशीनचे समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबून बघा. डुगडुगत असेल तर आधी पाय बदला.

मग खालची आणि वरची प्लेट बघा. मस्का, चटणी आणि ब्रेडचा चुरा जळून मागच्या कडेला काळा थर जमतो. हा थर २ मि.मी. झाला तरी झाकण त्यावर टेकून राहतं. लाकडी किंवा पितळी पट्टीने खरवडून काढा. काही वेळा एवढ्यावरच काम भागतं, तेव्हा ही पायरी गाळू नका.

तपासणी २: कागदाची पट्टी

वर्तमानपत्राच्या २ सें.मी. रुंद आणि वीतभर लांब चार पट्ट्या कापा, प्रत्येक दुहेरी दुमडा. खालच्या प्लेटच्या चार कोपऱ्यांत एकेक ठेवा, टोक बाहेर राहू द्या. झाकण हाताने न दाबता नुसतं बंद करा. आता एकेक पट्टी हळू ओढा आणि प्रत्येक कोपऱ्याचं उत्तर वहीत लिहा: घट्ट, मध्यम किंवा सैल.

उत्तर असं वाचायचं.

दोन्ही उजव्या पट्ट्या घट्ट आणि दोन्ही डाव्या सैल (किंवा उलट) असतील, तर दोष मागच्या बिजागरीत किंवा स्प्रिंगच्या जोडीत आहे.

दोन्ही मागच्या घट्ट आणि दोन्ही पुढच्या सैल असतील, तर झुलता जोड अडकलाय. त्यात मस्का जळून गोंदासारखा झालेला असतो. तो बोल्ट काढून साफ केला की काम होतं. स्प्रिंगला हातही लावायची गरज नाही.

चारही सारख्या घट्ट असून सँडविच तरी एकीकडे पांढरं राहत असेल, तर बिजागरी ठीक आहे. दोष गरम होण्यात आहे. याची खात्री करायला मशीन तापवून चार कोपऱ्यांत चार कोऱ्या स्लाइस ठेवा आणि २ मिनिटांनी काढून बघा. पट्ट्या सारख्या आणि स्लाइसचा रंग वेगळा, म्हणजे आतला एलिमेंट गेलाय. ते काम इलेक्ट्रिशियनचं.

तपासणी ३: बिजागरीचा खेळ

झाकण साधारण हातभर उघडा. हँडल धरून ते डावीकडे-उजवीकडे हलवा. वर-खाली नाही, आडवं. पुढची कड २ मि.मी.पर्यंत हलली तर ते चालतं, थोडा खेळ ठेवावाच लागतो. त्याहून बराच जास्त खेळ असेल आणि मागच्या एका बाजूला टकटक आवाज येत असेल, तर त्या बाजूचा बोल्ट किंवा भोक झिजलंय.

बाजू ओळखायला एक सोपी युक्ती आहे. एका हाताने झाकण हलवत राहा आणि दुसऱ्या हाताचं बोट आळीपाळीने दोन्ही बिजागऱ्यांवर ठेवा. जिथे दांडा बोल्टवर सरकलेला बोटाला कळतो, ती बाजू खराब.

ताईंच्या मशीनमध्ये काय निघालं

कागदाची चाचणी: उजवीकडे पुढे आणि मागे घट्ट, डावीकडे पुढे एकदम सैल, मागे मध्यम. आडवा खेळ ८ मि.मी. हूकवाला काटा हँडलच्या मध्यावर अडकवून झाकण हळूच उचललं, तर फक्त ६०० ग्रॅमवर ते उचललं गेलं. म्हणजे सँडविचवर वजनच येत नव्हतं. एका मिस्त्रीने आधी उजवी स्प्रिंग आवळली होती, हे मागून बघताच कळलं: उजव्या बोल्टचे आटे १९ मि.मी. बाहेर आलेले, डावीकडचे १०.

मागचं पत्र्याचं झाकण काढलं. आता इथून पुढे सावकाश.

स्प्रिंग सुरक्षित कशी काढायची

झाकण पूर्ण उघडा. झाकण वर असताना शेपूट खाली असतं आणि स्प्रिंग सगळ्यात कमी ताणलेली असते. झाकण बंद ठेवून स्प्रिंग काढायला जाऊ नका. तेव्हा ती पूर्ण ताणलेली असते आणि सुटली तर थेट तोंडावर येते. चष्मा लावा.

उघडलेलं झाकण सुतळीने मागच्या खिळ्याला किंवा कठड्याला बांधा. स्प्रिंग काढली की झाकण पेलणारं कुणीच उरत नाही. ते पूर्ण वजनाने आपटेल आणि खाली बोटं असली तर चेंगरतील. आता दोन्ही बाजूंचे नट सैल करा, आटे मोजत जा, आणि स्प्रिंग पक्कडने हुकातून काढा.

काढलेल्या दोन्ही स्प्रिंग टेबलावर शेजारी ठेवा. ताईंची डावी स्प्रिंग हुकापासून हुकापर्यंत ११२ मि.मी. भरली, उजवी ११९. मोकळी ठेवलेली स्प्रिंग ७ मि.मी. लांब, म्हणजे ती कायमची ताणली गेली. उजव्या स्प्रिंगच्या वेढ्यांमध्येही फट दिसत होती, डावीचे वेढे एकमेकांना चिकटून होते. अशी स्प्रिंग आवळून कामाला येत नाही.

स्प्रिंग बदलायची तर जोडीनेच बदला. एक नवी आणि एक जुनी लावली की दोन्ही बाजूंची ओढ वेगळी होते आणि तुम्ही परत तिथेच येता. नमुना सोबत न्या. ठाकूरद्वारहून नागदेवी स्ट्रीट चालत जाण्यासारखी आहे, तिथे हार्डवेअरच्या दुकानांत स्प्रिंग, बोल्ट आणि बुश मिळतात. दुकानदाराला तीन मापं सांगा: तारेची जाडी, वेढ्याचा बाहेरचा व्यास आणि न ताणलेल्या चांगल्या स्प्रिंगची लांबी. जाड तारेची स्प्रिंग "मजबूत आहे, घेऊन टाका" म्हणून कुणी दिली तर घेऊ नका. ती झाकण जास्त उचलेल आणि दाब मिळणार नाही.

बिजागरी दुरुस्त करणं

झाकण बांधलेलंच ठेवा आणि एक माणूस धरायला घ्या. उजवा बोल्ट काढला. बोल्ट ८ मि.मी.चा, पण मधोमध एका बाजूने ७.२ पर्यंत खाल्लेला. दांड्याचं भोक गोल राहिलं नव्हतं, अंड्यासारखं लांबट होऊन ९ मि.मी. झालेलं.

नुसता नवा बोल्ट घातला असता तर ९ च्या भोकात ८ चा बोल्ट परत खाली बसला असता. म्हणून दांडा काढून लेथवाल्याकडे नेला. त्याने भोक १० मि.मी. गोल करून आत पितळी बुश बसवला, बाहेरून १० आणि आतून ८. पितळ लोखंडापेक्षा मऊ असल्यामुळे पुढे झिजेल तो बुश. तो बदलणं स्वस्त पडतं, दांडा वाचतो. डाव्या दांड्याचं भोक ठीक होतं, तिकडे फक्त बोल्ट नवीन टाकला.

दांडा बिडाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामाचा असेल आणि त्याला चीर गेली असेल, तर वेल्डिंग करून वापरू नका. गरम-थंड होत राहिल्यावर तो जोड पुन्हा उघडतो आणि झाकण गरम असताना निखळू शकतं. दांडा बदलाच.

बोल्ट बसवताना दोन्ही बाजूंना वायसर घाला. नट पूर्ण आवळा, मग पाव फेरा मागे घ्या, आणि त्यावर दुसरा चेकनट आवळून पहिला जागेवर अडवा. नुसता करकचून आवळलात तर दांडा जाम होईल आणि झाकण अर्ध्यातच अडकेल. नायलॉनची चकती असलेला लॉकनट इथे टाळा. साधारण १२० अंशांच्या पुढे ते नायलॉन मऊ पडतं आणि नटाची पकड जाते. ग्रिलरच्या मागे तेवढी गरमी सहज येते.

ग्रीस लावायचं तर जास्त तापमानाचं, खाद्यपदार्थाजवळ चालणारं घ्या आणि तेही बोटाच्या टोकाएवढंच. गाडीचं ग्रीस तापून वितळतं, धूर करतं आणि ओघळून प्लेटवर येतं.

दांडा बसवून झाकण आडवं हलवलं. ८ मि.मी.चा खेळ १ मि.मी.वर आला. स्प्रिंग अजून लावलेल्या नव्हत्या, झाकण धरून हळूच बंद केलं आणि कागदाची चाचणी घेतली. चारही पट्ट्या सारख्या घट्ट. म्हणजे वाकडेपणा बिजागरीतूनच होता. दुरुस्तीतली ही सगळ्यात महत्त्वाची चाचणी आहे: स्प्रिंगशिवाय झाकण सरळ बसलं पाहिजे. ते बसत नसेल तर स्प्रिंग लावायची घाई करू नका, बिजागरीकडे परत जा.

वायर बघा, विसरू नका

मागचं झाकण उघडलंच आहे तर वरच्या प्लेटकडे जाणारी वायर बघा. ती बिजागरीजवळूनच जाते आणि प्रत्येक उघड-बंदला वाकते. झाकण एका बाजूला बसलं की दांडा आणि बॉडीच्या मध्ये ती घासते. वरचं आवरण सोललेलं, तार दिसत असलेली किंवा काळवंडलेली असेल तर मशीन लावू नका. टेप गुंडाळून चालणार नाही, तापून टेप सुटते. उष्णता सहन करणारी वायर इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या. तसं सामान लोहार चाळीत मिळतं.

इलेक्ट्रिशियन आलाच आहे तर अर्थिंगही तपासायला सांगा. प्लग काढलेला असताना मीटरचं एक टोक प्लगच्या मोठ्या, म्हणजे अर्थच्या पिनला आणि दुसरं वरच्या प्लेटच्या उघड्या धातूला लावायचं. १ ओहमपेक्षा कमी यायला हवं. झाकण उघडून-मिटून दोन्ही वेळा बघायचं. एकदा आलं आणि एकदा गेलं, तर अर्थची तार बिजागरीपाशी तुटत आलीय. मदतनीसाचा हात दिवसभर त्या हँडलवर असतो, एवढं ध्यानात ठेवा.

आता स्प्रिंग आवळा

झाकण उघडं आणि बांधलेलं ठेवून नवी जोडी अडकवा. दोन्ही नट असे बसवा की दोन्हीकडे आटे सारखेच बाहेर येतील. आपण १० मि.मी.पासून सुरुवात केली. मोजपट्टीने मोजा, अंदाज नको. नेहमीच्या ६ मि.मी.च्या बोल्टवर नटाचा एक पूर्ण फेरा म्हणजे १ मि.मी.

सुतळी सोडा आणि काटा लावून मोजा. ताईंच्या झाकणाचं हँडलपाशी स्प्रिंगशिवाय वजन भरलं होतं साडेतीन किलो. नवी जोडी लावल्यावर २ किलो ४००. एवढ्या वजनाने टोमॅटो आणि बीट बाजूने बाहेर आलं, बटाटा चेपला. दोन्हीकडे ३-३ फेरे आवळले, वजन १ किलो ८०० वर आलं. ब्रेडवर चारही सँडविचना सारख्या रेषा उठल्या आणि भाजी आत राहिली. तिथे थांबलो आणि चेकनट लावला.

१ किलो ८०० हा आकडा त्यांच्या मशीनचा आहे, तुमचा वेगळा येईल. तुमच्या मशीनला या तीन गोष्टी जमल्या की झालं. पूर्ण उघडलेलं झाकण हात सोडल्यावर वरच राहायला हवं. बंद करताना शेवटच्या वीतभर अंतरात ते स्वतःच्या वजनाने सावकाश खाली यायला हवं, धाडकन नाही. आणि नेहमीचं भरलेलं सँडविच न दाबता सारखं भाजायला हवं.

आवळताना एक नियम पाळा: डावीकडे जितके फेरे, उजवीकडे तितकेच. एका बाजूला जास्त आवळून झाकण सरळ करावंसं वाटलं, तर ओळखा की बिजागरीत अजून काहीतरी राहिलंय.

शेवटची चाचणी मशीन तापवून घ्या. चार कोपऱ्यांत चार कोऱ्या स्लाइस, २ मिनिटं. ताईंच्या चारही स्लाइस एका रंगाच्या आल्या. दुसऱ्या दिवशी घाण परत ४ मिनिटांवर आला आणि सँडविच फिरवणं बंद झालं.

घरातला छोटा टोस्टर आणि हातातला चिमटा

घरगुती टोस्टरमध्ये प्लास्टिकची बिजागरी असते आणि तिचं भोक मुद्दाम लांबट ठेवलेलं असतं, म्हणजे जाड सँडविचला झाकण वर सरकेल. तो खेळ दोष समजून बंद करू नका. पण प्लास्टिक तडकलं असेल तर ती बिजागरी बहुतेक वेळा सुटी बसवता येत नाही. धंद्यासाठी तो टोस्टर वापरूच नका.

गॅसवर किंवा शेगडीवर धरायच्या चिमट्याच्या टोस्टरला स्प्रिंग नसते. त्याचे दोन भाग आडवे सरकायला लागले तर दोष टोकाच्या रिवेटमध्ये असतो. जुना रिवेट काढून त्याच मापाचा नवा ठोकून घ्या.

वहीत लिहून ठेवा

मशीन ठीक झालं त्या दिवशी चार आकडे लिहा: डावीकडचे आटे, उजवीकडचे आटे, हँडलपाशी वजन आणि झाकणाचा आडवा खेळ. ताईंच्या वहीत आहे: १३, १३, १ किलो ८००, १ मि.मी. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी धंदा सुरू होण्याआधी कागदाच्या चार पट्ट्या आणि काटा लावायचा, दहा मिनिटांचं काम.

वजन वाढत गेलं आणि पट्ट्या सारख्याच राहिल्या, तर स्प्रिंग थकतेय. दोन्ही बाजूंना एकेक फेरा द्या. पट्ट्यांमध्ये फरक दिसला किंवा खेळ २ मि.मी.च्या पुढे गेला, तर बुश झिजतोय. तेव्हा पाना स्प्रिंगच्या नटाला लावायचा नाही. बिजागरीचा बोल्ट काढून बघायचा.